बारा गुण, बत्तीस मिनिटं

*सर, मी यावलची. एम.कॉम.ला आहे, मराठी माध्यम. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर तीन तासांचा, ६० गुणांचा. पाच प्रश्न, प्रत्येकी १२ गुण. अभ्यास होतो, बरंचसं पाठही असतं. पण पहिल्या तीन प्रश्नांना मी सहा-सात पानं लिहिते, चौथा घाईघाईत होतो आणि पाचवा दरवेळी अर्धाच राहतो. मागच्या सेमिस्टरला एवढं लिहूनही २६ आले. मैत्रिणीने माझ्या निम्मी पानं लिहिली, तिला ४१. मुद्दे काढून लिहा म्हणतात, तेही मी करते: प्रस्तावना, अर्थ, महत्त्व, फायदे, तोटे, निष्कर्ष. मग चुकतं कुठे? आणि पर्टचं गणित आधी सोडवू की शेवटी?*
*– एक विद्यार्थिनी, यावल*

आधी एक काम कर. घरी घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेच्या आकाराचं एक पान नेहमीच्या अक्षरात लिहून काढ. पुस्तकात बघून उतरवायचं नाही, आठवून लिहायचं. बहुतेकांना सात-आठ मिनिटं लागतात. तुला साडेसात लागली असं धरू. म्हणजे सात पानांच्या एका उत्तराला साडेबावन्न मिनिटं, आणि तशी तीन उत्तरं म्हणजे दोन तास सदतीस मिनिटं. उरली बावीस-तेवीस मिनिटं, त्यात २४ गुणांचे दोन प्रश्न. पाचवा प्रश्न शेवटी वेळ संपला म्हणून राहिला असं तुला वाटतं, पण तो खरा गेला पहिल्या उत्तराच्या पाचव्या पानावर.

भरिताच्या पंगतीत पहिल्या तीन ताटांत ढीग वाढायचा आणि शेवटच्या दोघांना कळण्याच्या पुऱ्या कोरड्या खायला लावायच्या, तसला हा प्रकार. आता वाढप सारखं कसं करायचं ते बघू.

१८० मिनिटांतली पहिली आठ पेपर वाचायला आणि प्रश्न निवडायला ठेव. शेवटची बारा तपासायला ठेव. उरतात १६०. त्याला ६० गुणांनी भागलं की एका गुणाला दोन मिनिटं चाळीस सेकंद येतात. बारा गुणांना ३२ मिनिटं, चार गुणांच्या टिपेला साधारण साडेदहा. पेपर अकराला सुरू होत असेल तर तुझ्या वेळा अशा पडतात: ११.०८, ११.४०, १२.१२, १२.४४, १.१६ आणि १.४८ ला लेखन बंद. या वेळा हॉलमध्ये बसल्या बसल्या लिहून ठेवायच्या, पण प्रश्नपत्रिकेवर नाही. तिथे आसन क्रमांकाशिवाय काही लिहिलं की पर्यवेक्षकाशी उगाच वाद. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ असं लिहून खाली मांड आणि जाताना त्यावर आडवी रेघ मार. हातावर साधं काट्यांचं घड्याळ घाल, स्मार्टवॉच दारातच काढून घेतात.

११.४० झाले आणि उत्तर संपलं नाही, तर हातातलं वाक्य पूर्ण कर, अर्धं पान कोरं सोड आणि पुढच्या प्रश्नावर जा. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण येत असलेलं उत्तर अर्ध्यात सोडायला जीव होत नाही. पण गुण कसे पडतात ते बघ. बारा गुणांच्या उत्तरात पहिले सहा-सात गुण पहिल्या पंधरा मिनिटांत हाती येतात: व्याख्या, टप्प्यांची नावं, आकृती, एखादं उदाहरण. पुढचे दोन-तीन आणखी पंधरा मिनिटांत. त्याच्याही पुढे तू जे पाचवं, सहावं, सातवं पान लिहितेस, त्याला फार तर एक गुण वाढतो. तीच वीस मिनिटं कोऱ्या पाचव्या प्रश्नाला दिली तर तिथले पहिले सहा-सात गुण तुझे. तुझ्या मैत्रिणीच्या ४१ मागे दुसरं काही गुपित असेल असं मला वाटत नाही.

आता तुझ्या मुद्द्यांकडे येतो. उत्तरपत्रिका कुठे तपासली जाते ते आधी डोळ्यांपुढे आण. कॅप सेंटरवर परीक्षकासमोर गठ्ठा असतो, शेजारी आदर्श उत्तराचा कागद. त्या कागदावर प्रश्नाचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे गुण लिहिलेले. परीक्षक तुझं उत्तर कथा-कादंबरीसारखं वाचत नाही. कागदावरचा तुकडा तुझ्या पानावर कुठे आहे ते तो शोधतो, सापडला की गुण देतो. त्याला तो पाच सेकंदांत सापडला पाहिजे, शीर्षकाचं तेवढंच काम. ‘महत्त्व’, ‘फायदे’, ‘तोटे’ ही शीर्षकं तू प्रश्न न वाचताच घालतेस. प्रश्नात फायदे विचारलेच नसतील तर त्या दीड पानाला कागदावर खानाच नाही. लिहिलंस सगळं बरोबर, गुण शून्य. प्रस्तावनेचंही तेच. ‘आजच्या स्पर्धेच्या व जागतिकीकरणाच्या युगात प्रकल्प व्यवस्थापनाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे’ हे वाक्य एका गठ्ठ्यात इतक्यांदा येतं की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात.

त्यामुळे शीर्षकं प्रश्नातून काढायची. एक प्रश्न घेऊन दाखवतो:

‘प्रकल्प जोखीम म्हणजे काय? जोखीम व्यवस्थापन प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट करून, जोखमीला प्रतिसाद देण्याच्या पद्धतींची योग्य उदाहरणासह चर्चा करा. (१२ गुण)’

मनातल्या मनात मागण्या मोज. ‘म्हणजे काय’ ही एक. ‘टप्पे स्पष्ट करून’ ही दुसरी. ‘पद्धतींची उदाहरणासह चर्चा’ ही तिसरी. प्रत्येक मागणीचे वेगळे गुण छापलेले नसतात, आपण अंदाज बांधायचा. व्याख्येला २, टप्प्यांना ५, प्रतिसादाला उदाहरण धरून ५. परीक्षकाचं वाटप ३-५-४ असेल, तरी आपण फार चुकत नाही. आता मिनिटं: आराखड्याला तीन, व्याख्येला चार, टप्प्यांना अकरा, प्रतिसादाला बारा, वाचून बघायला दोन. बत्तीस झाली. यातली लिहिण्याची सत्तावीस मिनिटं तुझ्या वेगाने साडेतीन पानांची. म्हणजे अर्धं पान, दीड पान, दीड पान. हे आकडे हाताशी असले की पेन आपोआप आवरतं.

शीर्षकं अशी पडतील: ‘१. प्रकल्प जोखीम: अर्थ’, ‘२. जोखीम व्यवस्थापनाचे सात टप्पे’, ‘३. जोखमीला प्रतिसाद देण्याच्या चार पद्धती (उदाहरण: केळी पिकवण केंद्र, रावेर तालुका)’. क्रम प्रश्नातलाच आहे, शब्द प्रश्नातलेच आहेत, आणि सात, चार हे आकडे शीर्षकातच आहेत. आकड्यामुळे परीक्षकाला मोजता येतं आणि तुलाही सहावा टप्पा विसरला तर लगेच कळतं. तुझ्या पुस्तकात पाचच टप्पे असतील तर पाच लिही. पीएमआय या संस्थेच्या पीएमबोक मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीत ते सात आहेत, पण गुण तुझ्या अभ्यासक्रमाप्रमाणे मिळतात.

व्याख्येला दोन गुण आहेत, म्हणजे तिच्यात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. मी असं लिहीन: ‘प्रकल्प जोखीम म्हणजे अशी अनिश्चित घटना किंवा परिस्थिती, जी घडली तर प्रकल्पाच्या वेळ, खर्च, व्याप्ती, गुणवत्ता यांपैकी एका किंवा अधिक उद्दिष्टांवर चांगला किंवा वाईट परिणाम होतो. घटना अजून घडलेली नसते तोवर ती जोखीम. घडून गेली की ती समस्या.’ ‘अनिश्चित’ आणि ‘चांगला किंवा वाईट’ हे दोन शब्दप्रयोग इथे गुण आणतात. बहुतेक मुलं जोखीम म्हणजे फक्त धोका असं लिहितात आणि अर्धा-एक गुण तिथेच जातो. यापुढे तीन विचारवंतांच्या तीन व्याख्या पाठ करून लिहू नकोस. दोन गुणांत तीन व्याख्या मावत नाहीत.

टप्प्यांच्या भागात मुलं मधल्या मधे अडकतात. सातही नावं लिहितात, प्रत्येकापुढे तेच वाक्य शब्द फिरवून: ‘या टप्प्यात जोखमीची ओळख पटवली जाते. जोखीम ओळखणे महत्त्वाचे असते.’ अशाने पाचापैकी दोन-अडीच. प्रत्येक टप्प्याला दोनच वाक्यं दे, पण पहिल्यात तिथे काय करतात आणि दुसऱ्यात तिथून हाती काय येतं ते सांग. ‘जोखीम ओळखणे’ या टप्प्यात संबंधित लोकांशी चर्चा, जुन्या प्रकल्पांच्या नोंदी, तपासयाद्या वापरून संभाव्य जोखमी शोधतात. हाती येते जोखीम नोंदवही. ‘गुणात्मक विश्लेषण’ करताना प्रत्येक जोखमीची शक्यता आणि परिणाम जास्त-मध्यम-कमी असे ठरवतात. हाती येतो प्राधान्यक्रम. इथे तीन बाय तीन चौकटींचा छोटा तक्ता काढ, दोन मिनिटांचं काम आहे आणि परीक्षकाची नजर आधी तिथेच पडते. ‘संख्यात्मक विश्लेषण’ करताना त्याच जोखमीला आकडे लावतात. हाती येतं अपेक्षित मूल्य, म्हणजे शक्यता गुणिले परिणाम. असं सातांचं लिहिलंस की दीड पान पुरतं आणि एकही वाक्य वाया जात नाही.

तिसऱ्या भागात मी रावेर तालुका लिहिलाय ते गंमत म्हणून नाही. अख्ख्या पेपरसाठी एकच प्रकल्प तयार ठेव, जो तुला आतून माहीत आहे. पुस्तकातलं मेट्रोचं किंवा सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण शंभर जण लिहितात आणि शंभर जणांना त्यातलं पुढचं वाक्य सुचत नाही. तुला केळीचं सुचेल. रायपनिंग चेंबर उभारायचं म्हणजे जागा बिनशेती करणं, बांधकाम, शीतयंत्रणा आणि इथिलीनची यंत्रणा मागवणं, महावितरणची जोडणी, चाचणी. व्याप्ती विचारली तर हेच, कामाची विभागणी विचारली तर हेच, व्यवहार्यता अहवाल विचारला तरी हेच. दर प्रश्नाला नवं उदाहरण शोधण्यात जाणारी मिनिटं वाचतात.

आता चार पद्धती त्यावर बसवू. *टाळणे*: कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे, म्हणून कार्बाइडचा पर्याय नियोजनातच काढून टाकून इथिलीनची यंत्रणा घेतली, कायदेशीर कारवाईची जोखीम उरलीच नाही. *हस्तांतर*: इमारत आणि यंत्रांचा विमा उतरवला, शिवाय कंत्राटदाराशी ठरावीक रकमेचा करार केला; आर्थिक बोजा दुसऱ्याकडे गेला, जोखीम मात्र नाहीशी झाली नाही. *तीव्रता कमी करणे*: वीज गेली की चेंबरमधलं तापमान वाढतं आणि माल एकसारखा पिकत नाही; म्हणून जनरेटर घेतला; वीज जाणं थांबलं नाही, पण माल बिघडण्याची जोखीम कमी झाली. *स्वीकारणे*: मे-जूनच्या वादळी वाऱ्यात बागा आडव्या झाल्या तर माल कमी येईल, त्यावर प्रकल्पाला काही करता येत नाही, म्हणून राखीव निधी ठेवला; माल कमी येण्याची जोखीम तशीच उरली. प्रत्येकात जोखीम काय, उपाय काय आणि उपायानंतर काय उरतं, या तिन्ही गोष्टी आहेत. ‘उदाहरणासह चर्चा करा’ यातली चर्चा ती हीच. हस्तांतरातलं ‘जोखीम नाहीशी झाली नाही’ हे अर्धं वाक्य लिहिणारे फार थोडे असतात, आणि परीक्षकाला तिथेच कळतं की या पोरीला समजलंय.

एक आकडाही घाल. समज यंत्रं उशिरा येण्याची शक्यता ०.३ आणि तसं झालं तर नुकसान दोन लाख रुपये. अपेक्षित मूल्य ६०,०००. पुरवठादार ४०,००० जादा घेऊन तारीख पक्की करत असेल आणि त्याने उशिराची शक्यता जवळजवळ संपत असेल, तर ते पैसे देणं परवडतं. तीन ओळी. मात्र ‘गृहीत आकडे’ असं लिहायला विसरू नकोस.

आणि आवर घाल तो इथेच. तुला इथिलीन साधारण शंभर पीपीएम लागतं, तापमान सोळा ते अठरा अंश ठेवतात, हे घरच्या व्यवसायामुळे माहीत असेल, म्हणून त्यावर अर्धं पान खर्चू नकोस. हा फळप्रक्रियेचा पेपर नाही. निष्कर्षाचंही तसंच. प्रश्नात ‘मूल्यमापन करा’ किंवा ‘तुमचे मत द्या’ असेल तर निष्कर्षाला गुण असतात, तिथे नीट चार ओळी लिही. ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’ असेल तर एकही ओळ नको. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर तक्ता, दोन रकाने, डावीकडे तुलनेचा आधार; बारा गुणांना सात-आठ आधार पुरतात. पर्ट आणि सीपीएममधला फरक आला तर सुरुवातीची दोन वाक्यं प्रस्तावनेऐवजी उगमावर खर्च कर. सीपीएम १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या कामातून आलं, जिथे कामांचा कालावधी अनुभवाने माहीत होता. पर्ट १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून, जिथे काम नवं होतं आणि कालावधी कुणालाच नक्की सांगता येत नव्हता. निश्चित कालावधी आणि अनिश्चित कालावधी हा मुख्य फरक त्या दोन वाक्यांतच येऊन जातो.

आता गणित. ते दुसऱ्या क्रमांकावर घे. पहिल्यांदा घेतलं आणि अडकलं तर हात थरथरतो, सगळा पेपर त्या धक्क्यात जातो. शेवटी ठेवलं तर थकलेल्या डोक्याने बेरीज चुकते. पहिला एक येणारा थिअरीचा प्रश्न बत्तीस मिनिटांत उरकायचा आणि ११.४० ला गणिताला हात घालायचा. गणितात बारापैकी बारा पडू शकतात, थिअरीत कुणी देत नाही, म्हणून त्याला चांगली वेळ द्यायची.

त्याच केळी केंद्राचं गणित मांडतो. वेळ आठवड्यांत, क्रमाने आशावादी, संभाव्य, निराशावादी.

| काम | आधीचं काम | वेळा | अपेक्षित वेळ |
|---|---|---|---|
| अ – जागा व परवानग्या | – | २, ४, ६ | ४ |
| ब – बांधकाम | अ | ४, ५, १२ | ६ |
| क – यंत्रं मागवणे | अ | ५, ८, ११ | ८ |
| ड – वीजजोडणी | ब | १, ३, ५ | ३ |
| इ – यंत्रं बसवणे | ब, क | २, २, ८ | ३ |
| फ – चाचणी | ड, इ | १, २, ३ | २ |

प्रश्न असा येईल: नेटवर्क काढा, क्रिटिकल पाथ शोधा, प्रकल्प १९ आठवड्यांत संपण्याची शक्यता काढा. यातही शीर्षकं लागतात, आणि मुलं नेमकी गणितात ती घालत नाहीत. आकड्यांच्या जंगलात परीक्षकाला तुझी पायरी सापडली पाहिजे. ‘पायरी १: अपेक्षित वेळ’ लिहून खाली सूत्र:

`te = (to + 4tm + tp) / 6`

एका कामाची मांडणी पूर्ण दाखव, बाकीची थेट तक्त्यात. सूत्र आणि तक्ता मिळून साधारण तीन गुण. मग ‘पायरी २: नेटवर्क’, त्याला तीन. ‘पायरी ३: क्रिटिकल पाथ’, ‘पायरी ४: व्हेरियन्स’ आणि ‘पायरी ५: शक्यता’, यांना दोन-दोन. पायऱ्या वेगळ्या दिसत असतील तर पहिल्या पायरीत बेरीज चुकली तरी पुढच्या पायऱ्यांचे पद्धतीचे गुण परीक्षकाला देता येतात. सगळं एकात एक गुंतलेलं असेल तर त्याचाही नाइलाज होतो.

नेटवर्कमध्ये एक खड्डा आहे, तो नीट बघ. ‘इ’ला ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही संपायला हवेत. ‘ड’ला फक्त ‘ब’. पुष्कळ मुलं ‘ब’ आणि ‘क’ एकाच गोलात आणून सोडतात आणि तिथून ‘ड’ आणि ‘इ’ दोन्ही काढतात. म्हणजे यंत्रं आल्याशिवाय वीजजोडणीच सुरू होणार नाही असं चित्र झालं, जे प्रश्नात नाही. बरोबर असं: ‘ब’ गोल ३ वर संपतं, ‘क’ गोल ४ वर, आणि ३ कडून ४ कडे तुटक रेघेचा डमी बाण. ‘ड’ ३ वरून निघतं, ‘इ’ ४ वरून, दोन्ही ५ वर मिळतात, तिथून ‘फ’ ६ वर.

डमी विसरलीस तर कळणार कसं? उत्तरावरून कळत नाही, हीच अडचण. अ-क-इ-फ हा मार्ग ४ अधिक ८ अधिक ३ अधिक २, म्हणजे १७ आठवडे, आणि डमी नसतानाही १७ च येतात. पण त्या चुकीच्या आकृतीत अ-क-ड-फ हाही १७ चा होतो आणि वीजजोडणी क्रिटिकल दिसायला लागते. खरं तर ‘ड’ दहाव्या आठवड्याच्या शेवटी सुरू होऊ शकतं आणि त्याला दोन आठवड्यांची सवड आहे. म्हणून आकृती झाल्यावर प्रत्येक कामावर बोट ठेवून तक्त्यातलं ‘आधीचं काम’ आकृतीशी जुळवून बघायचं. सहा कामांना अर्धं मिनिट लागतं. एकसारखे दोन क्रिटिकल पाथ आले तर हे जुळवणं दुसऱ्यांदा कर. कधी कधी ते खरेच दोन असतात, पण आधी आकृतीवर संशय घ्यायचा.

व्हेरियन्स म्हणजे निराशावादीतून आशावादी वजा करून सहाने भागायचं आणि त्याचा वर्ग. तो फक्त क्रिटिकल पाथवरच्या कामांचा बेरजेत घ्यायचा. इथे ‘अ’चा ०.४४, ‘क’चा १, ‘इ’चा १, ‘फ’चा ०.११, एकूण २.५५ च्या आसपास. मार्गाचं प्रमाण विचलन त्याचं वर्गमूळ, १.६०. ‘ब’चा व्हेरियन्स सगळ्यात मोठा आहे, १.७८, आणि पेपर काढणारा तो मुद्दाम तसा ठेवतो. ‘ब’ क्रिटिकल नाही, त्याला हात लावायचा नाही. मग १९ वजा १७ भागिले १.६० म्हणजे १.२५, आणि प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यावरून शक्यता ०.८९४४, सुमारे ८९ टक्के. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे व्हेरियन्सऐवजी प्रमाण विचलनांचीच बेरीज करणं. तसं केलं तर ३ येतात, भागाकार ०.६७ होतो आणि शक्यता ७५ टक्क्यांवर येते. उत्तर विश्वास बसण्यासारखंच दिसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. बेरीज वर्गांची, वर्गमूळ शेवटी एकदाच, हा क्रम पायरी ४ च्या शीर्षकाखाली शब्दांत लिहून टाक.

शेवटी एक ओळ: ‘प्रकल्प १९ आठवड्यांत पूर्ण होण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के आहे.’ आकड्याभोवती चौकट. एकक लिही. आठवडे आहेत की दिवस, हे न लिहिल्यामुळे अर्धा गुण कापणारे परीक्षक आहेत.

सरावासाठी तुला सात-आठ पानी उत्तरं पुन्हा पुन्हा लिहायची गरज नाही. मागच्या पेपरांतला एक प्रश्न घे, तीन मिनिटांत फक्त मागण्या, अंदाजी गुण, मिनिटं आणि शीर्षकं लिही, आणि थांब. पुढचा प्रश्न घे. अर्ध्या तासात आठ-दहा होतात. आठवड्यातून एखादं उत्तर मात्र पूर्ण बत्तीस मिनिटांत, घड्याळ समोर ठेवून. तेही रात्री अंथरुणावर नको, टेबलावर.

परीक्षेत सगळं सांभाळूनही १.४० ला पाचवा प्रश्न कोरा राहिला, असं होऊ शकतं. तेव्हा तपासणीच्या बारा मिनिटांतली आठ त्यात घाल. प्रस्तावना नाही, परिच्छेद नाहीत. प्रश्नाच्या मागण्यांची शीर्षकं घाल, प्रत्येकाखाली टप्प्यांची किंवा पद्धतींची नावं आणि पुढे एकेक ओळ, जमलं तर आकृती. अशा सांगाड्याला पाच-सहा गुण मिळालेले पाहिलेत. उरलेल्या मिनिटांत प्रश्नक्रमांक बघ. प्रश्न ४ चं उत्तर प्रश्न ३ म्हणून लिहिलेलं दरवर्षी सापडतं. सोडलेल्या कोऱ्या जागांपैकी जिथे एक नाव किंवा एक ओळ राहिली असेल तीच भर, नवा परिच्छेद सुरू करू नकोस. पुरवणी घेतली असेल तर तिच्यावर आसन क्रमांक आहे का, ती दोऱ्याने नीट बांधली आहे का आणि मुख्य उत्तरपत्रिकेवर पुरवण्यांची संख्या लिहिली आहे का, एवढं बघून घे.